'ताट कितीला?' विचारतात आणि फोन ठेवतात

*नमस्कार ताई,*
*लातुरात आमची विद्यार्थ्यांची मेस आहे. मी, सासूबाई आणि हे, तिघं मिळून चालवतो. परीक्षा झाल्या की लेकरं गावी जातात आणि मे-जूनमध्ये चूल थंड पडते, म्हणून वास्तुशांती, बारसं, डोहाळजेवण अशा छोट्या कार्यक्रमांच्या ऑर्डरी घ्यायला लागलो. स्टेटसला आणि फेसबुकवरच्या ग्रुपांत पोस्ट टाकते: 'सर्व प्रकारच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील, घरगुती चव, माफक दर.' फोन येतात, 'ताट कितीला?' विचारतात, 170 सांगितलं की 'कळवतो' म्हणून ठेवून देतात. एक वास्तुशांती मिळाली, 50 ताटांची, तिच्यात हाती काहीच उरलं नाही. दुसरीकडे 80 माणसं सांगितली, आली 110, वरच्यांचे पैसे मागितले तर वाद झाला. पोस्टमध्ये नेमकं काय लिहावं?*
*— एक वाचक, लातूर*

नमस्कार ताई,

आधी तुमच्या 170 रुपयांचा हिशेब करू, कारण दर जागेवर बसल्याशिवाय पोस्ट कशीही लिहिली तरी उपयोग नाही. मी धरलेले आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही त्यांच्या जागी गंजगोलाईतला त्या आठवड्याचा भाव घाला.

ऑर्डरीच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक भाग माणसामागे वाढतो: किराणा, भाजी, तेल, दही, गोड, पत्रावळी, द्रोण, ग्लास. पोळी, दोन भाज्या, वरण-भात, मसालेभात, बुंदी आणि मठ्ठा अशा ताटाला हा खर्च 95 रुपये धरू. दुसरा भाग माणसं किती आली यावर फारसा हलत नाही. टेम्पो 50 माणसांना लागतो तसाच 100 माणसांनाही लागतो. 100 माणसांच्या कामाला टेम्पोचे 1,000, गॅसचे 1,100, पोळ्या लाटायला दोन बायका म्हणजे 1,200, हाताखाली एक माणूस 700 आणि चार वाढपी 2,000, असे 6,000 रुपये झाले. 95 च्या हिशेबाने ताटांचे 9,500. एकूण खर्च 15,500, म्हणजे ताटाला 155 रुपये. तुम्ही 170 घेतले तर तिघांच्या दोन दिवसांच्या राबण्याचे 1,500 उरले.

आता 50 ताटांचं बघा. टेम्पो 1,000, गॅस 800, पोळ्यांना एक बाई 600, मदतनीस 700, तीन वाढपी 1,500. हे 4,600 झाले. ताटांचे 4,750. एकूण 9,350, म्हणजे ताटाला 187 रुपये खर्च आणि तुम्ही घेतले 170. साडेआठशे रुपये तुम्ही घरातून घातलेत, आणि तिघांची मजुरी त्यात धरलेलीच नाही. हाती काही उरलं नाही याचं कारण एवढंच आहे. स्वयंपाकात किंवा खरेदीत तुमचं काही चुकलेलं नाही.

यावर बरेच जण टप्पे पाडतात: 60 पर्यंत 250, 61 ते 100 ला 210. ते करू नका. 60 ताटांचे 15,000 होतात आणि 61 ताटांचे 12,810. गिऱ्हाईक पहिल्याच फोनवर हे ओळखतं आणि 'आमची 61 माणसं धरा' म्हणतं. त्यापेक्षा एक ठोक रक्कम आणि पुढे ताटागणिक वाढ ठेवा. 50 माणसांचं जेवण वाढपासह 12,500, पुढच्या प्रत्येक ताटाला 150. म्हणजे 75 माणसांचे 16,250, 100 चे 20,000, 150 चे 27,500. माणसं वाढली की ताटाची सरासरी आपोआप उतरते, मध्येच कुठे उडी नाही आणि घासाघीस करायला फट नाही. वरच्या हिशेबाने 50 ला तुमच्याकडे 3,150 राहतात आणि 100 ला 4,500. 50 पेक्षा कमी माणसं असतील तरी आकडा 12,500 च, नाहीतर वाढप न देता नुसतं शिजवून पोचवायचं, त्याचा दर वेगळा.

हा आकडा पोस्टमध्ये लिहायचा का? लिहायचा. 'दरासाठी संपर्क करा' असं लिहिलं की फोन दरासाठीच येतो, आणि दर ऐकला की संपतो. ज्याला 12,500 झेपत नाहीत त्याचा फोन आलाच नाही तर बरंच आहे. ज्याला झेपतात त्याच्याशी दराऐवजी तारखेवर बोलणं सुरू होतं.

शिवाय नुसत्या 170 ला त्या माणसाने कशाशी ताडून बघायचं? दुसरा कोणी 120 सांगतो. त्यात वाढपी नसतात, गोड नसतं, पत्रावळी घरच्यांनी आणायची असते. पण फोनवर ऐकणाऱ्याला 170 आणि 120 एवढंच ऐकू येतं. म्हणून ताटात काय आहे आणि पैशांत काय धरलंय हे पोस्टमध्येच यायला हवं. आणि काय धरलेलं नाही, तेही. हे दुसरं सगळे लपवतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

वास्तुशांतीच्या घरात नेमकं काय नसतं ते तुम्हाला त्या पहिल्या ऑर्डरीत दिसलं असेलच. घर नवं, फरशी पुसलेली, ओट्यावर हळदी-कुंकू, पण नळाला पाणी आलेलं नाही. बोअर असलं तर त्याचं पाणी खारं. खरकटं टाकायला जागा नाही, वर गच्चीत मंडप आणि जिना एवढा अरुंद की पातेलं दोघांना धरून नेता येत नाही. ज्या शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे उन्हाळ्यात 'पाण्याचं काय?' हा प्रश्न पोस्टमध्येच निकाली काढलेला बरा. पिण्याचे जार घरमालकाचे की तुमचे, आणि स्वयंपाकाला, भांड्यांना लागणारं पाणी कोण भरून ठेवणार. माझं मत विचाराल तर पाणी घरमालकाकडेच ठेवा. जार आयत्या वेळी आला नाही तर शिव्या तुम्हाला बसतात, आणि पाण्यात तुम्हाला सुटतही काही नाही.

पोस्ट साधारण अशी लिहा. शब्द तुमचे घाला, क्रम मात्र असाच ठेवा:

> वास्तुशांती, बारसं, डोहाळजेवण, जावळ, साखरपुडा: 50 ते 150 माणसांचा शाकाहारी स्वयंपाक
> लातूर शहर आणि आसपास 15 किलोमीटर
>
> ताट: पोळी, भरलं वांगं, मटकीची उसळ, वरण-भात, मसालेभात, बुंदी, मठ्ठा, कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, पापड
>
> 50 माणसांचे 12,500 रुपये. पुढे प्रत्येक ताटाला 150.
> यात आलं: वाढपी, पत्रावळ्या, द्रोण, ग्लास, ने-आण.
> यात नाही: पाणी, टेबल-खुर्च्या, मंडप.
>
> नैवेद्याचं ताट कांदा-लसूण न घालता, वेगळं, आरतीच्या आधी तयार.
> भात दोनदा लावतो, उशिरा येणाऱ्यांनाही गरम मिळतो.
> ताटं पत्रावळीवर मोजतो. पाच वर्षांखालच्या लेकरांचं ताट धरत नाही.
>
> तारीख पक्की करायला 3,000 रुपये.
> फोन आणि व्हॉट्सॲप: (तुमचा नंबर)
> FSSAI क्रमांक: (14 अंकी)

'चविष्ट', 'स्वच्छ', 'घरगुती' हे शब्द यात कुठेच नाहीत, कारण ते प्रत्येकाच्या पोस्टमध्ये असतात आणि वाचणारा ते वाचतच नाही. त्याऐवजी घरमालकाच्या पोटात ज्या गोष्टींचा गोळा असतो, त्या यात आहेत.

नैवेद्याची ओळ तुम्हाला किरकोळ वाटेल. पण होम संपून आरतीची तयारी झाली, गुरुजी 'नैवेद्य आणा' म्हणाले आणि आत वांग्याला अजून वाफ यायची आहे, असा प्रसंग ज्या घरात घडला ते घर तुमचं नाव पाहुण्यांपुढे काढतं, आणि चांगल्या अर्थाने नाही. वरण, साधा भात, पोळी, एक भाजी आणि गोड एवढं सकाळीच छोट्या पातेल्यांत वेगळं करायचं. घरातल्या मोठ्या बाईने ही एक ओळ वाचली की तिला कळतं, हे काम करून बसलेले लोक आहेत.

भाताच्या ओळीचंही तसंच. वास्तुशांतीला लग्नासारखी एका दमात पंगत उठत नाही. माणसं बारापासून येतात, नोकरदार तीनला येतात, आणि पुष्कळ घरी पूजा सकाळी होऊन जेवण संध्याकाळी सात ते दहा असतं. एकदाच शिजवून ठेवलेला भात तीन तासांनी गोळा होतो. लातूरच्या मे महिन्यात तो नुसता गोळा होत नाही, धोक्याचाही होतो. शिजलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. थर्मामीटर नसेल तर ढवळल्यावर वाफ उठते का, एवढं तरी बघा. 100 माणसांना तांदूळ 8 ते 9 किलो लागतो. त्यातला 5 किलो आधी लावा, उरलेला धुवून निथळत ठेवा आणि निम्मी माणसं जेवली की चढवा. मठ्ठ्याचंही तेच. दही घुसळून बर्फात ठेवा, पाणी आणि मीठ लागेल तसं घाला. सकाळी दहालाच केलेला मठ्ठा दोनपर्यंत आंबून जातो.

आता तुमच्या 80 आणि 110 च्या वादाकडे येते. यात घरमालक लबाडच असतो असं नाही. त्यालाही माहीत नसतं. शेजारी, मिस्त्री, वायरमन, बायकोच्या ऑफिसातले, सगळ्यांना तो जाता जाता 'या बरं का' म्हणून बसलेला असतो. म्हणून वाद मिटवायची सोय आधी करायची. पत्रावळ्या मोजून न्या. समजा 80 ची ऑर्डर आहे, तर 25-25 चे पाच गठ्ठे न्या आणि घरातल्या एका जबाबदार माणसाला, मेहुणा असो की पुतण्या, आल्याबरोबर दाखवा: 'दादा, हे सव्वाशे आहेत.' शेवटी उरलेल्या त्याच्याच समोर मोजा. 15 उरल्या तर 110 ताटं झाली, वरच्या 30 चे 4,500. या मोजणीवरून कोणी भांडत नाही, कारण मोजताना त्यांच्याच घरातला माणूस हजर असतो. एक काळजी मात्र घ्या. पत्रावळी वाढप्याच्याच हाती राहू द्या. टेबलावर गठ्ठा ठेवला की लोक दोन-दोन लावून घेतात, कोणी प्रसाद बांधून न्यायला उचलतं आणि मोजणीचा बोऱ्या वाजतो.

ताटं मोजली तरी जास्तीच्या माणसांना अन्न कुठून आणायचं? 80 ची ऑर्डर असेल तर माल 90 चा न्या, पण शिजवा 80 चाच. वरची डाळ, तांदूळ, कणीक कच्ची राहू द्या. नाही लागली तर मेसला कामी येते. भात वाढवायला अर्धा तास पुरतो, वरण पाणी आणि फोडणी देऊन थोडं वाढतं, पण भरलं वांगं वाढत नाही. म्हणून दोन किलो बेसन, कांदे आणि मिरच्या टेम्पोत असू द्या. वांगं संपत आलं की पाव तासात पिठलं उतरतं, आणि आपल्याकडे वास्तूच्या जेवणात गरम पिठल्याला कोणी नाक मुरडत नाही. उलट आधी जेवून उठलेले विचारतात, आम्हाला का नाही वाढलं. फक्त कांद्याची ही पिशवी नैवेद्य होईपर्यंत बाहेर काढू नका.

किती माणसं हे पक्कं करायचा दिवसही ठरवा. तीन दिवस आधी आकडा घ्या आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: 'आपलं 80 ताटांचं ठरलं. यापेक्षा कमी झाली तरी 80 धरू, जास्त झाली तर ताटाला 150.' त्यांच्याकडून नुसतं 'हो' आलं तरी पुरे. त्याच दिवशी बुकिंगच्या 3,000 वर आणखी रक्कम घेऊन एकूण 70 टक्के हाती करा, म्हणजे मालाचे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत. उरलेले पत्रावळ्या मोजल्यावर. पाहुणे जेवत असताना घरमालकाकडे पैशाचा विषय काढू नका.

फोटोचं थोडक्यात सांगते. नेटवरून घेतलेली चांदीच्या ताटाची चित्रं काढून टाका. लोक ती ओळखतात. तुमच्याच कामाचे दोन फोटो पुरेत: एक वाढलेल्या पत्रावळीचा, वरून, दिवसाच्या उजेडात, दुसरा भरलेल्या पातेल्यांचा, शेजारी डोक्याला टोपी घातलेला वाढपी. पातेल्यांच्या फोटोतून 100 माणसांचं काम तुम्ही केलंय हे न सांगता कळतं. फोटोत मागे घरगुती लाल सिलेंडर दिसत नाही ना, ते बघा. धंद्याला 14.2 किलोची घरगुती टाकी वापरता येत नाही, व्यावसायिक टाकीच लागते, आणि स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच पोस्ट करण्यात शहाणपण नाही. नंबर फोटोवर बारीक लिहा आणि खाली मजकुरातही लिहा. फोटोवरच्या नंबरावर बोट टेकवून फोन लागत नाही, आणि पोस्ट पुढे पाठवताना खालचा मजकूर बरेचदा गळतो, म्हणून दोन्हीकडे हवा.

मेसची FSSAI नोंदणी तुमच्याकडे असेलच. तिच्यात केटरिंग धरलेलं आहे का ते मात्र बघून घ्या. नसेल तर foscos.fssai.gov.in वर बदल करून घेता येतो.

आता ही पोस्ट टाकायची कुठे? तुमच्या फोनमध्ये नंबर कोणाचे आहेत ते बघा. मेसमधली मुलं, त्यांचे आईवडील; कोणी नांदेडचं, कोणी बीडचं, कोणी परभणीकडच्या खेड्यातलं. ते तुमचं स्टेटस बघतात, पण लातुरात घर बांधत नाहीत. स्टेटस 24 तासांनी जातंही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर मावतात खरे, पण ज्याने तुमचा नंबर साठवलेला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. अनोळखी घरमालकाकडे तुमची पोस्ट त्याच्या ओळखीच्या माणसाकडूनच जायला हवी.

वास्तुशांतीची तारीख सगळ्यांत आधी कोणाला कळते याचा विचार करा. गुरुजींना, कारण मुहूर्त तेच काढतात. मग मंडपवाल्याला आणि पत्रिका छापणाऱ्याला. त्याच्याही आधी रंगाऱ्याला आणि फर्निचरच्या सुताराला, कारण घरमालक 'अमुक तारखेच्या आत काम उरका' म्हणून त्यांच्याच मागे लागलेला असतो. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोडकडे जिथे नवी घरं उठतायत तिथे चार रंगाऱ्यांचे आणि दोन मंडपवाल्यांचे नंबर मिळवायला तुमच्या मिस्टरांना एक सकाळ पुरेल. त्यांना पोस्ट पाठवा आणि सांगा, कोणी आचारी विचारला तर एवढं पुढे पाठवा. मंडपवाल्याशी देवाणघेवाण सरळ ठेवा: तुमच्याकडे मंडप विचारला तर तुम्ही त्याचं नाव सांगायचं. गुरुजींना टक्केवारीचं बोलू नका, बरेच जण दुखावतात. दिवाळीला डबा पोचवा.

फेसबुकच्या ग्रुपांत टाकायचं तर मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी टाका. आचारी साधारण तेव्हाच शोधतात. अक्षय्य तृतीया आणि दसरा हे साडेतीन मुहूर्तांतले, तेव्हा पंचांग न बघताही वास्तू ठेवतात आणि एका दिवशी तीन-तीन ऑर्डरी येतात. घ्या एकच. टेम्पो एक, सासूबाई एक. तारीख भरली की त्याच पोस्टखाली 'या तारखेची ऑर्डर घेतलेली आहे' असं लिहा. त्या एका ओळीमुळे पुढच्या तारखेचे फोन येतात, तुमच्या लक्षात येईल.

फोन आल्यावर दर सांगायची घाई करू नका. पोस्ट वाचून आलेल्याला तो माहीतच असतो. न वाचता आलेल्याने 'ताट कितीला?' विचारलं तर आधी तारीख विचारा, मग माणसं किती, जेवण दुपारी की संध्याकाळी, घर कोणत्या भागात आणि कितव्या मजल्यावर. मग एकूण रक्कम सांगा, ताटाची नाही: 'तुमच्या 75 माणसांचे 16,250, त्यात वाढपी आणि पत्रावळ्या आल्या.' फोन ठेवला की लगेच तीच पोस्ट त्यांना पाठवा. व्हॉट्सॲप बिझनेस घेतलंत तर ती झटपट उत्तरात साठवून ठेवता येते, `/` टाकून निवडली की झालं. संध्याकाळी घरात चर्चा होते तेव्हा तुमचं ताट कागदावर असल्यासारखं सगळ्यांपुढे असतं, आणि 120 वाल्याचं नुसतं 'म्हणाला होता' एवढंच उरतं.

यंदाच्या मे महिन्याबद्दल मात्र सावध करते. 2026 साली अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे. अधिक महिन्यात वास्तुशांती, साखरपुडे बहुतेक लोक टाळतात. म्हणजे लेकरं गावी गेल्यावर तुम्हाला ज्या ऑर्डरी हव्या आहेत, त्या नेमक्या त्याच महिन्यात नसतील. पुढे आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, तेव्हाही वास्तू कमीच. म्हणून वास्तुशांतीची पोस्ट एप्रिलच्या आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या तारखांवर लावा. मेस सुरू असतानाच ते काम येईल, तेव्हा रविवार-सुट्टी बघून घ्या.

आणि त्या धोंड्याच्या महिन्यासाठी दुसरी पोस्ट करा. तेव्हा घरोघरी लेक-जावई जेवायला येतात. माणसं दहा-बारा, पण पदार्थ खटाटोपाचे: पुरणाचे धोंडे आणि वाणाला 33 अनारसे. नोकरी करणाऱ्या सासूला हे जमत नाही, आणि 50 माणसांची अट तिथे लागू होत नाही. नगावर दर लावा: धोंडा एवढ्याला, 33 अनारशांचा डबा एवढ्याला, सोबत कटाची आमटी लिटरवर. अनारशाच्या पिठाला तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवावा लागतो, मग सावलीत वाळवून, दळून, गूळ घालून पीठ मुरायला ठेवावं लागतं. म्हणून पहिलं पीठ 10 मेच्या आधी तयार हवं आणि पोस्टही तेव्हाच पडायला हवी. या पोस्टमध्ये वाढपी, पत्रावळ्या काही लिहू नका. 'दोन दिवस आधी सांगा, सकाळी अकरापर्यंत घरपोच' एवढंच लिहा, आणि डबे परत आणायला कोण जाणार हे घरात आधी ठरवून ठेवा.